दिवाळीच्या ठेव-पत्रकात न छापलेल्या ओळी
महाराष्ट्र अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक्स फेडरेशनच्या पदाधिकाऱ्यांना एक खुले पत्र



दसरा ते पाडवा या दिवसांत महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँका ज्येष्ठ नागरिकांसाठी मुदत ठेवीची खास योजना काढतात. आकाशकंदील, पणत्या, मधोमध ठळक टायपात व्याजदर आणि खाली ‘मर्यादित कालावधीसाठी’ अशी ओळ. हे पत्रक आता शाखेतल्या काउंटरपुरते राहिलेले नाही. साताऱ्याचा पुतण्या त्याचा फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो एडिसन, नेपरव्हिल किंवा फ्रीमॉंटमध्ये मुलांकडे राहणाऱ्या आत्याच्या फोनवर पोहोचतो. आत्या पत्रक नीट वाचते, दर तिला आवडतो आणि ती पुतण्याला कळवते, “दहा लाख टाकून दे.” तिला जे माहीत असायला हवे, त्यातले बरेचसे त्या पत्रकावर नसते. हे पत्र त्या न छापलेल्या ओळींसाठी आहे.

ज्येष्ठांना जास्त व्याज मिळू नये, असे इथे मुळीच म्हणायचे नाही. निवृत्तीनंतर व्याजावर घर चालवणाऱ्या माणसाला अर्धा टक्का फार मोठा असतो आणि सहकारी बँकेने तो द्यावा हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. प्रश्न त्या दरासोबत काय सांगितले जाते याचा आहे. ज्या देशात ही आत्या आज राहते, त्या देशाने याचे एक उत्तर तीस वर्षांहून अधिक काळ वापरून पाहिले आहे, म्हणून आधी तिथली रीत.

अमेरिकेत सहकारी बँकेची जागा क्रेडिट युनियनने घेतली आहे. सभासदच मालक असतात, मुदत ठेवीला ‘शेअर सर्टिफिकेट’ म्हणतात आणि तिच्यावरच्या व्याजाला कायद्याच्या भाषेत लाभांश. थँक्सगिव्हिंग आणि नाताळच्या सुमारास तिथेही सणासुदीचे दर जाहीर होतात. पण त्या जाहिरातीचा सांगाडा १९९१ च्या ‘ट्रुथ इन सेव्हिंग्ज’ कायद्याने ठरवून दिला आहे. दर छापायचा तर तो वार्षिक प्रभावी परताव्याच्या रूपातच छापावा लागतो, म्हणजे चक्रवाढ धरून एका वर्षात शंभर डॉलरवर किती मिळतील तो आकडा. तिथे त्याला ‘एपीवाय’ म्हणतात. साधा व्याजदर शेजारी देता येतो, पण तो एपीवायपेक्षा मोठ्या टायपात देता येत नाही. एपीवाय छापला की त्याच जाहिरातीत मुदत किती, किमान रक्कम किती, हा दर कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि मुदतीआधी मोडल्यास दंड लागू शकतो, हेही स्पष्ट लिहावे लागते. दंडाचा नेमका हिशेब खाते उघडताना लेखी हाती द्यावा लागतो. बँकांवर हा नियम आहे आणि क्रेडिट युनियनवरही त्याच धर्तीचा आहे.

आता हाच नियम आपल्या पत्रकाला लावून पाहू. समजा योजना अशी आहे: मुदत तीन वर्षे, ज्येष्ठांना आठ टक्के, व्याज तिमाही चक्रवाढीने आणि मुदतीअंती एकरकमी. लाख रुपयांचे तीन वर्षांनी १,२६,८२४ होतात. मिळालेल्या २६,८२४ ला तीनने भागले की वर्षाला ८.९४ टक्के येतात आणि काही पत्रकांवर ‘परतावा ८.९४ टक्के’ अशी ओळ ठळक छापलेली दिसते. मुदत पाच वर्षे केली तर याच आठ टक्क्यांचा असा परतावा ९.७२ टक्के दिसतो. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून निघालेला आकडा कशाशीही तुलना करण्याजोगा नाही, कारण मुदत जितकी लांब तितका तो आपोआप फुगतो. त्याच ठेवीचा खरा वार्षिक प्रभावी परतावा ८.२४ टक्के आहे, मुदत तीन वर्षे असो की पाच. ज्येष्ठ माणूस दोन बँकांची पत्रके शेजारी ठेवून बघतो, तेव्हा एकावर ८.९४ आणि दुसऱ्यावर ८.२५ असेल तर तो पहिली बँक निवडतो, आणि प्रत्यक्षात दुसरीने एकाच पद्धतीने मोजून किंचित जास्त देऊ केलेले असू शकते. अमेरिकेत ८.९४ छापताच आले नसते.

दुसरी न छापलेली ओळ ठेव मोडण्याची. साठीपुढच्या माणसाला ठेव मोडावी लागण्याची शक्यता तरुणापेक्षा जास्त असते: गुडघ्याची शस्त्रक्रिया, जोडीदाराचे आजारपण, किंवा व्हिसाचे काम निघाले म्हणून घर आवरून अचानक अमेरिकेला जाणे. पत्रकात फार तर ‘मुदतपूर्व मोडण्याची सोय उपलब्ध’ एवढे असते. ती सोय कशी चालते ते दहा लाखांवर पाहू. तीन वर्षांसाठी आठ टक्क्यांनी ठेवलेले दहा लाख चौदाव्या महिन्याच्या शेवटी मोडले. बँक आठ टक्के बाजूला ठेवते आणि ठेव ठेवली त्या दिवशी एक ते दोन वर्षांच्या मुदतीला जो दर होता तो धरते. तो सात टक्के होता असे समजू. त्यातून दंडाचा एक टक्का वजा होतो, अनेक बँकांत दंड एवढाच असतो. उरतात सहा टक्के. चौदा महिन्यांत आठ टक्क्यांनी सुमारे ९७ हजार व्याज झाले असते, हाती सुमारे ७२ हजार येतात. फरक पंचवीस हजारांचा. दंड एक टक्का आणि फटका दोन टक्क्यांचा, हे काउंटरवर पहिल्यांदा कळते तेव्हा ज्येष्ठांना आपल्याला फसवले असे वाटते. बँकेने नियमाबाहेर काहीच केलेले नसते, फक्त आधी सांगितलेले नसते.

दरमहा व्याज घेणाऱ्यांचे दुखणे याहून मोठे आहे. निवृत्त माणूस बहुधा मासिक व्याजच घेतो. चौदा महिने आठ टक्क्यांच्या हिशेबाने व्याज बचत खात्यात येत राहिले, त्यातून औषधे आली, वीजबिले भरली गेली. ठेव मोडताना दर सहा टक्क्यांवर आला की आधीच दिलेले जादा व्याज मुद्दलातून वळते होते. दहा लाख ठेवलेल्या माणसाच्या हाती दहा लाखांपेक्षा कमी रक्कम पडते. ‘माझे मुद्दलच कापले’ म्हणून शाखेत आवाज चढतो तो याच कारणाने, आणि समोरचा कारकून बिचारा संगणकावरचा आकडा दाखवत राहतो. अमेरिकी क्रेडिट युनियनमध्येही दंड मुद्दलात शिरू शकतो, पण तो बहुतेक ठिकाणी ‘इतक्या दिवसांचे व्याज’ असा सरळ सांगितलेला असतो. पन्नास हजार डॉलरच्या चार टक्क्यांच्या सर्टिफिकेटवर १८० दिवसांच्या व्याजाचा दंड असेल तर तो हजार डॉलरच्या आसपास जातो, हे सभासद सही करण्याआधी स्वतः मोजू शकतो. मोडल्यावर दर कोणता धरणार, दंड किती आणि दिलेले व्याज वसूल होणार का, हे एका उदाहरणासह छापले तर आपल्या ठेवीदारालाही तसेच मोजता येईल.

यानंतरचा मुद्दा खास परदेशात राहणाऱ्या ठेवीदारांचा आहे आणि त्याबद्दल पत्रकात सहसा अक्षरही नसते. ज्येष्ठांचा जादा दर फक्त भारतात निवासी असलेल्या ज्येष्ठांना आहे. रिझर्व्ह बँकेच्या ठेवींवरील व्याजदराच्या निर्देशांनुसार एनआरई आणि एनआरओ ठेवींना ज्येष्ठ नागरिक म्हणून जादा व्याज देता येत नाही. म्हणजे वय पासष्ट असले, आधार आणि पॅन जागच्या जागी असले, गावचे घर नावावर असले, तरी ठेवीदार अनिवासी असेल तर हा अर्धा टक्का त्याचा नाही.

आणि अनिवासी कोण, हे ठरवताना घरोघरी गोंधळ होतो. उदाहरणादाखल कोथरूडच्या दोन निवृत्त शिक्षिका घेऊ. पहिली दरवर्षी मे महिन्यात पर्यटक व्हिसावर मुलीकडे एडिसनला येते आणि गणपतीच्या आधी परतते. ती भारतात निवासी आहे, तिचे साधे खाते योग्य आहे, सणाचा दरही तिचा आहे. दुसरीला मुलीने ग्रीन कार्ड मिळवून दिले आणि ती आता नातवंडांसोबत एडिसनलाच राहते, पुण्याला वर्षातून महिनाभर जाते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या दृष्टीने ती अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलेली व्यक्ती आहे, म्हणून अनिवासी. पासपोर्ट अजून भारतीय असला तरीही. तिने बँकेला तसे कळवायचे आणि जुनी खाती एनआरओ करून घ्यायची. सर्वच नागरी सहकारी बँकांना अनिवासींची खाती नव्याने उघडण्याची परवानगी नसते, हेही तिला कुणीतरी सांगायला हवे. प्रत्यक्षात असे होते की बँक विचारत नाही, ती सांगत नाही, आणि पुतण्या जुन्याच ग्राहक क्रमांकावर नवी ठेव करून टाकतो. मग एक दिवस केवायसी नव्याने करायची वेळ येते, पत्त्याच्या रकान्यात न्यू जर्सी उमटते आणि सगळ्या ठेवींचा प्रश्न एकदम उभा राहतो.

करातही या दोघींची वाट वेगळी होते. व्याजावर उगमस्थानी कर कापू नये म्हणून ज्येष्ठ मंडळी जो ‘१५ एच’ फॉर्म देत आली आहेत, तो निवासींसाठी आहे. अनिवासीच्या एनआरओ व्याजावर पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि वर उपकर कापला जातो. भारत-अमेरिका करारानुसार तो पंधरा टक्क्यांवर आणता येतो, पण त्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याकडून रहिवासी असल्याचा दाखला मागवून बँकेला द्यावा लागतो. सहकारी बँकेच्या शाखेत असा दाखला पूर्वी कुणी पाहिलेला नसण्याची शक्यताच जास्त, म्हणून तो कुणाकडे द्यायचा हे पत्रकावर लिहिलेले असणे या ठेवीदाराच्या दृष्टीने फार उपयोगाचे आहे.

अमेरिकेच्या बाजूचे काम याहून कमी माहितीचे आहे. ग्रीन कार्ड असलेल्या आजीचे जगभरचे उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावे लागते, पुण्यातले व्याजही. भारतात करमुक्त असलेले एनआरई व्याज अमेरिकेत करमुक्त नाही. शिवाय वर्षात कोणत्याही दिवशी परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम दहा हजार डॉलरच्या वर गेली असेल, तर ‘एफबार’ नावाची वेगळी माहिती अमेरिकी अर्थखात्याला द्यावी लागते. डॉलर नव्वद रुपये धरला तर दहा हजार डॉलर म्हणजे नऊ लाख रुपये. आत्याची दहा लाखांची एकच दिवाळी ठेव ही रेषा ओलांडते. आजीला कर शून्य निघाला तरी एफबार भरावाच लागतो, हे अनेक घरांत नोटीस आल्यावर कळते.

आणि एक गोष्ट, जी पहिल्या शिक्षिकेच्या घरीही लागू होते. ती स्वतः पर्यटक म्हणून येते, तिला एफबारशी देणेघेणे नाही. पण ठेवीच्या पावतीवर तिच्या खाली मुलीचे नाव आहे, ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात व्यक्ती’ या पद्धतीने, म्हणजे उद्या काही झाले तर पैसे अडकू नयेत म्हणून. मुलगी अमेरिकेत कर भरणारी आहे. त्या ठेवीत तिचा एक रुपयाही नसला तरी ते खाते तिचेही धरले जाते आणि त्याची पूर्ण रक्कम तिच्या एफबारमध्ये यावी लागते. जाणूनबुजून न केलेल्या चुकीलाही मूळ कायद्यात दहा हजार डॉलरपर्यंत दंड आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो खात्यागणिक लावता येणार नाही, वर्षाच्या एका अहवालागणिक लावावा असा निर्णय दिला, म्हणून अनेक पावत्या असलेल्या घरांना थोडा दिलासा मिळाला. मुलीला केवळ पैसे सहज मिळावेत एवढाच हेतू असेल तर तिला नामनिर्देशित करणे हा साधा मार्ग आहे, नामनिर्देशन म्हणजे खातेदारी नव्हे. शाखेतल्या माणसाने ठेव घेताना ‘दुसरे नाव परदेशात राहते का?’ एवढे विचारले तरी पुढचे पुष्कळ टळेल.

विम्याची ओळ सगळ्यांनाच लागू आहे. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपये, मुद्दल आणि व्याज मिळून, सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. पत्रकावर ‘ठेवींना विमा संरक्षण’ असे तीन शब्द असले की आत्याला वाटते, दहाचे दहा लाख सुरक्षित आहेत. तीन वर्षांनी तिची रक्कम साडेबारा लाखांच्या पुढे गेलेली असेल आणि त्यातले पाच लाखच विम्यात असतील. पाच लाख बरोबर ठेवणाऱ्याचेही व्याज विम्याबाहेर राहते. तीन वर्षांच्या आठ टक्क्यांच्या योजनेत व्याजासकट विम्यात राहायचे असेल तर सुमारे ३ लाख ९४ हजारच ठेवावे लागतील, आणि तेही त्या बँकेत तिच्या दुसऱ्या ठेवी नसतील तर. हा एक आकडा पत्रकावर असावा. अमेरिकेत क्रेडिट युनियनच्या ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी संरक्षण आहे आणि संघीय विमा असलेल्या संस्थेला तसा अधिकृत फलक लावावा लागतो. काही राज्यांतल्या मोजक्या संस्थांचा विमा खासगी असतो, म्हणून तिथेही माणसे फलक पाहूनच पैसे ठेवतात.

हे फक्त कागदावरचे भय नाही, हे फेडरेशनला सांगायची गरज नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी, नवरात्र आठवड्यावर आले असताना, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. पहिल्या आदेशात सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येणार होते. दिवाळीपर्यंत ती मर्यादा चाळीस हजारांवर आली होती. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतचे पैसे आधी मिळाले, त्यावरचे टप्प्याटप्प्याने, आणि मोठ्या ठेवींचा शेवटचा भाग दहा वर्षांनी मिळायचा आहे. सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला दहा वर्षे म्हणजे काय, ते वेगळे लिहायला नको. याउलट न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन झाली, सहा महिन्यांच्या आत. एक बँक बुडत असताना दुसऱ्या सहकारी बँकेने तिच्या ठेवीदारांना सावरणे ही या क्षेत्राची खरी ताकद आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूदही झाली आहे. या दोन्ही गोष्टी अभिमानाने छापण्याजोग्या आहेत, पाच लाखांच्या मर्यादेसह.

पतसंस्थांची पत्रकेही दिवाळीत याच रंगांत, याच मांडणीत निघतात आणि त्यांचे दर बहुधा बँकांपेक्षा चढे असतात. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचा विमा नाही. फोनवर आलेल्या फोटोत ‘सहकारी’ एवढाच शब्द दिसतो, पुढचा ‘पतसंस्था मर्यादित’ बारीक असतो. नागरी बँकांनी आपल्या पत्रकावर महामंडळाचे चिन्ह ठळक आणि नेहमी एकाच जागी छापायचे ठरवले, तर फरक ओळखण्याचा एक मार्ग ज्येष्ठांच्या हाती येईल. महामंडळाने २०२३ पासून बँकांना ते चिन्ह संकेतस्थळावर लावायला सांगितलेच आहे, ते कागदावर आणायचे बाकी आहे.

डॉलरमध्ये खर्च करणाऱ्यांसाठी अजून एक हिशेब आहे, पण तो बँकेने छापावा अशी अपेक्षा नाही. २०१५ च्या अखेरीस डॉलर ६६ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० चा टप्पा ओलांडला. दहा वर्षांत रुपया वर्षाला सरासरी तीन टक्क्यांहून थोडा अधिक घसरला. आठ टक्क्यांच्या ठेवीचा ८.२४ परतावा त्या गतीने डॉलरमध्ये मोजला तर पाच टक्क्यांच्या किंचित खाली येतो, कर जाण्याआधी. २०२५ मध्ये वर्षभराच्या सर्टिफिकेटवर चार टक्क्यांच्या आसपास देणाऱ्या क्रेडिट युनियन अमेरिकेत होत्या. ज्याचे औषधपाणी डॉलरमध्ये आहे त्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. ज्याला परत जाऊन कोथरूडमध्येच राहायचे आहे, त्याला रुपयातली ठेवच अधिक योग्य.

शेवटची न छापलेली ओळ मुदत संपल्यानंतरची. अमेरिकेत आपोआप नूतनीकरण होणाऱ्या ठेवीची मुदत संपण्याआधी ठेवीदाराला लेखी सूचना जाते. आपल्याकडे सूचना निघाली तरी ती बहुधा पुण्याच्या बंद घराच्या दारात किंवा बंद पडलेल्या भारतीय मोबाइल क्रमांकावर जाते. ठेव आपोआप नूतन झाली तर त्या दिवसाच्या साध्या दराने होते, सणाचा जादा दर गेलेला असतो. ठेवीदाराने नूतनीकरण करायला सांगितलेलेच नसेल, तर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे मुदतीनंतर पडून राहिलेल्या रकमेला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी तो मिळतो. आठाचे तीन होतात आणि वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. दहा वर्षे कुणी फिरकलेच नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. ती परत मागता येते, पण पावती कुठे आहे हे माहीत असलेला माणूस तोवर हयात असेलच असे नाही.

म्हणून फेडरेशनला विनंती अशी की आपल्या सभासद बँकांसाठी सणाच्या ठेव-पत्रकाचा एक नमुना मजकूर तयार करावा. सक्ती करण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, हे ठाऊक आहे, पण नमुना दिला तर लहान बँका तो आनंदाने घेतील, कारण त्यांच्याकडे जाहिरात लिहिणारा वेगळा माणूस नसतो. वरच्या तीन वर्षांच्या योजनेवर बेतलेला मजकूर असा असू शकतो:

‘६० वर्षे पूर्ण केलेल्या, भारतात निवासी असलेल्या ठेवीदारांसाठी. मुदत ३६ महिने. व्याजदर वर्षाला ८ टक्के, तिमाही चक्रवाढ, वार्षिक प्रभावी परतावा ८.२४ टक्के. एक लाखाचे मुदतीअंती १,२६,८२४ रुपये. किमान रक्कम दहा हजार. हा दर भाऊबीजेपर्यंत केलेल्या ठेवींनाच. मुदतीआधी मोडल्यास, जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा ठेवीच्या दिवशीचा दर, त्यातून एक टक्का वजा. दहा लाख चौदा महिन्यांनी मोडल्यास ९७ हजारांऐवजी सुमारे ७२ हजार व्याज मिळेल. मासिक व्याज घेतले असल्यास जादा दिलेले व्याज मुद्दलातून वळते होईल. या बँकेतल्या तुमच्या सर्व ठेवी आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा आहे. व्याजासह विम्यात राहण्यासाठी या योजनेत ३ लाख ९४ हजारांपर्यंत ठेव ठेवा. तुम्ही परदेशात स्थायिक असाल तर हा दर लागू नाही, खाते एनआरओ करण्यासाठी शाखेत भेटा. दुसऱ्या नावाची व्यक्ती परदेशात राहत असेल तर ठेव करण्याआधी सांगा. मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी सूचना कुठे पाठवायची तो पत्ता आणि क्रमांक येथे लिहा.’

हा मजकूर एका पानात मावतो, आकाशकंदीलही काढावा लागत नाही. टाइप मात्र चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा असावा. आणि पत्रकाचा फोटोच फिरणार आहे हे धरून सगळा मजकूर एकाच बाजूला छापावा, अटी मागच्या पानावर नकोत. मागचे पान एडिसनपर्यंत पोहोचत नाही.

दसऱ्याच्या योजनांचा मजकूर बँकांत साधारण श्रावणात ठरतो. फेडरेशनने आपला नमुना त्याआधी सभासद बँकांकडे मराठीत पाठवावा आणि ज्या बँका तो वापरतील त्यांची नावे आपल्या कार्यालयात उपलब्ध ठेवावीत, म्हणजे परदेशातल्या मुलामुलींना आईवडिलांसाठी बँक निवडताना ती विचारता येतील.

कळावे,
अमेरिकेत राहणाऱ्या आणि महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांत ठेवी असलेल्या मराठी कुटुंबांच्या वतीने,
न्यू जर्सी